आधी ढाळ, मग रंग

एप्रिल उजाडला की विदर्भातल्या रंगाच्या दुकानांपुढे पांढऱ्या बादल्यांच्या उतरंडी लागतात. ऊन परतवणारा आणि पाणी अडवणारा, असा हा गच्चीचा रंग. तो मारला की वरच्या मजल्यावरचा उकाडा कमी होईल आणि पावसाळ्यात छतही गळणार नाही, असं बादलीवर लिहिलेलं असतं. यातलं काहीही खोटं नाही. तरीही असा रंग मारलेल्या कितीतरी गच्च्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात पुन्हा गळू लागतात. मग दुकानदार कंपनीला बोल लावतो, कंपनी रंगाऱ्याला आणि रंगारी उन्हाला. रंगाचे फुगे आलेली, पापुद्रा सुटलेली जागा नीट पाहिली तर बहुतेक ठिकाणी कारण एकच निघतं. तिथे पाणी साचत होतं.

गच्चीचं काम तीन टप्प्यांचं आहे. पाण्याला वाट द्यायची, त्या वाटेचं तोंड मोकळं आणि पक्कं ठेवायचं आणि सगळ्यात शेवटी वरून आवरण घालायचं. आपल्याकडे पहिले दोन टप्पे गवंड्याच्या अंदाजावर सोडले जातात आणि सगळा पैसा नि सगळी आशा तिसऱ्यावर लावली जाते.

स्लॅबचं काँक्रीट दिसायला दगडासारखं असलं तरी त्यात बारीक छिद्रं आणि केसाएवढ्या भेगा असतातच. पाऊस पडून वाहून गेला तर या भेगांतून फारसं काही आत शिरत नाही. तेच पाणी दोन-तीन दिवस एका जागी उभं राहिलं की ते भेगेतून सावकाश खाली झिरपतं आणि सळईपर्यंत पोहोचतं. सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून काँक्रीट फोडतो आणि छताचे पोपडे खाली पडू लागतात. म्हणून छतावर पिवळट डाग दिसला की तिथे पुट्टी आणि ओल रोखणारा रंग लावून मोकळं होणं धोक्याचं आहे. डाग झाकला जातो, पाणी मात्र स्लॅबच्या पोटात तसंच राहतं आणि सळईचं गंजणंही थांबत नाही. गळतीचा उपाय पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूने, म्हणजे वरूनच करावा लागतो.

खाली जिथे थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेल असंही नाही. पाणी कोब्याखालून, स्लॅबमधल्या विजेच्या नळीतून किंवा भेगेच्या कडेने पाच-दहा फूट सरकतं आणि सोयीच्या जागी खाली उतरतं. पंख्याच्या हुकाजवळ किंवा दिव्याच्या पेटीतून गळणारं पाणी बहुधा असंच दुसरीकडून आलेलं असतं. त्यामुळे डागाच्या वर तेवढाच चौकोन फोडून केलेली ठिगळाची दुरुस्ती क्वचितच टिकते.

हिशोबासाठी नागपुरातलं एक घर धरू. तळमजला आणि वर एक मजला, गच्ची तीस फूट बाय तीस फूट, म्हणजे नऊशे चौरस फूट. मीटरमध्ये सुमारे ८४ चौरस मीटर. भोवती तीन फुटी कठडा, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाणी जायला एकच तीन इंची पाइप. अशी घरं गल्लोगल्ली आहेत.

आता पाण्याचं गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मध्य भारतात वळवाच्या किंवा ऐन मोसमातल्या जोरदार सरीचा वेग तासाला १०० मिलिमीटरपर्यंत सहज जातो, मग ती सर वीसच मिनिटांची का असेना. त्या वेगाने या गच्चीवर तासाला ८,४०० लिटर, म्हणजे मिनिटाला १४० लिटर पाणी पडतं. एवढ्या पावसाला चार इंची उभा पाइप साधारण ४० ते ४३ चौरस मीटर गच्चीला पुरतो. तीन इंची पाइप मात्र जेमतेम २० चौरस मीटरला पुरतो. व्यासात फरक एका इंचाचा, पण कामात निम्म्याहून अधिक घट. आपल्या घराला ८४ चौरस मीटरसाठी एक तीन इंची पाइप आहे, म्हणजे गरजेच्या जेमतेम पावपट. पाऊस पडत असताना या गच्चीचं तळं होणार हे घर बांधलं तेव्हाच ठरलं होतं.

इथे दोन चार इंची पाइप हवेत, हे उघड झालं. पण ते कुठे बसवायचे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि घरमालक नेमकं याच प्रश्नाकडे लक्ष देत नाहीत.

गच्चीला साधारण शंभरास एक असा ढाळ असावा, म्हणजे एक मीटर अंतराला एक सेंटिमीटर उतार. गवंड्याच्या भाषेत दहा फुटांना सव्वा इंच. काही जण दहा फुटांना एक इंचावर भागवतात. पृष्ठभाग अगदी साफ, घोटीव असेल तर तेही चालतं. पण हाताने केलेल्या कामात मधे पाव-अर्धा इंच खोलगट राहतंच, आणि ढाळ आधीच कमी असेल तर त्या खळग्यात पाणी अडतं. म्हणून सव्वा इंच मागावा, जमल्यास दीड.

आपल्या गच्चीचं तोंड एका कोपऱ्यात आहे. समोरचा कोपरा तिथून तिरकस मोजला तर सुमारे साडेबेचाळीस फुटांवर. शंभरास एक ढाळ द्यायचा तर त्या कोपऱ्यात कोबा पाच इंचांनी उंच करावा लागेल. तोंडापाशी कोबा किमान अडीच इंच धरला तर दूरच्या टोकाला तो साडेसात इंच होतो. आता एकाऐवजी दोन तोंडं घेऊ आणि ती कोपऱ्यांत न ठेवता समोरासमोरच्या दोन कठड्यांच्या मध्यावर ठेवू. गच्चीच्या मधोमध एक उंच रेघ येईल आणि दोन्ही बाजूंना पाणी उतरेल. आता कोणत्याही तोंडापासून सर्वांत दूरची जागा एकवीस फुटांवर आली आणि तिथे लागणारी उंची पाचाची अडीच इंच झाली. कोब्याची सरासरी जाडी जवळपास दीड इंचाने घटली. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण पूर्ण गच्चीवर तो सुमारे पाच टन माल होतो. तोंडाची जागा बदलल्याने घराच्या डोक्यावरचं पाच टन ओझं उतरलं, विटा-सिमेंट वाचलं आणि पाण्याला धावायचं अंतरही निम्मं झालं.

कोबा म्हणजे काय, हे शहरातल्या नव्या पिढीला सांगावं लागतं. स्लॅबवर विटांचे तुकडे उभे-आडवे रचायचे, त्यांच्या फटी मसाल्याने भरायच्या, या विटांनीच ढाळ तयार करायचा आणि वर सिमेंटचा घोटलेला थर देऊन त्यावर फूटभराच्या चौकटी ओढायच्या. महाराष्ट्रात गच्चीचा हा जुना, मानलेला मार्ग आहे आणि नीट केलेला कोबा वीस वर्षंही टिकतो. वीट उन्हाची झळ थोडी अडवते, हा आणखी एक फायदा. पण वरच्या थराला तडे गेले की तीच वीट पाणी पिते आणि महिनोन्महिने धरून ठेवते. पाऊस थांबून आठ दिवस झाले तरी छत टिपकत असेल तर पाणी कोब्यात साठलेलं आहे असं समजावं. अशा भिजलेल्या कोब्यावर दुसरा कोबा चढवायचा सल्ला काही मिस्त्री देतात. तो ऐकू नये. स्लॅबवर आणखी पंधरा-वीस टन चढतात आणि खालची ओल आत कोंडली जाते. कोबा पोकळ वाजत असेल, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर भद्द आवाज देत असेल, तर तो काढून नव्याने करणं भाग आहे. ठणठणीत असेल आणि फक्त दोन-चार ठिकाणी पाणी साचत असेल, तर तेवढ्याच जागा खरवडून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरून ढाळ सुधारता येतो.

ढाळ तपासायला यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून कठड्यावर चहूबाजूंनी एका पातळीच्या खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेपासून खाली जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. तोंडाकडे जाताना हे माप सतत वाढत गेलं पाहिजे. मधेच कमी झालं तर तिथे उंचवटा आहे, म्हणजे त्याच्या अलीकडे पाणी अडणार. त्याहून सोपी परीक्षा पाऊसच करून देतो. जोरदार सर थांबल्यावर काही तासांनी गच्चीवर जावं आणि जिथे पाणी उभं असेल त्याच्या काठाने खडूची रेघ ओढावी. दोन दिवसांनी पुन्हा पाहावं. ४८ तासांनंतरही पाणी असेल तर ती जागा रंगाने सुटणारी नाही. या खडूच्या रेघांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ठेकेदाराशी बोलताना तो फार उपयोगी पडतो.

आता तोंडाबद्दल. माझ्या मते गच्चीवरची सर्वांत बेभरवशाची जागा हीच. ज्या जागेतून सगळ्या गच्चीचं पाणी जातं, तिथेच दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना भेटतात. पीव्हीसीचा पाइप गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही. शिवाय उन्हात पाइप काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त फुगतो आणि रात्री आक्रसतो. दोहोंच्या मधे नखाएवढी फट पडते आणि त्या फटीतून पाणी पाइपात न जाता पाइपाच्या बाहेरून भिंतीत उतरतं. बाहेरच्या भिंतीवर पावसाळी पाइपाच्या मागे हिरवा पट्टा दिसला तर दोष बहुधा इथे असतो.

ही जागा करण्याची रीत अशी. पाइपाभोवतीचं सैल काँक्रीट काढून ती पोकळी न आक्रसणाऱ्या ग्राउटने घट्ट भरायची. पाइपाला लागून अर्ध्या इंचाची खाच ठेवून त्यात पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. ते रबरासारखं लवचीक राहतं, म्हणून पाइप हलला तरी फट उघडत नाही. तोंडाभोवती दीड फूट बाय दीड फुटाचा भाग बाकी गच्चीपेक्षा अर्धा-पाऊण इंच खोल ठेवायचा. पुढे रंगाचं आवरण करताना ते जाळीसकट तोंडाच्या आत तीन-चार इंच वळवायचं. आवरण तोंडाच्या काठावरच संपवलं तर पाणी त्याच्या कडेखाली शिरतं आणि तिथून पापुद्रा सुटू लागतो.

एक चूक तर जवळपास प्रत्येक जुन्या इमारतीत दिसते. दर दहा वर्षांनी कुणीतरी गच्चीवर एक थर वाढवतो, पण पाइपाचं तोंड जिथल्या तिथे राहतं किंवा नवा पाइप बसवताना थोडा वर राहतो. मग तोंडाभोवती अर्ध्या इंचाची कड तयार होते. अर्धा इंच म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर, आणि तोंडाकडच्या सपाट पट्ट्यात तेवढं पाणी पूर्ण पावसाळाभर उभं राहतं. तोंड हीच गच्चीची सर्वांत खालची जागा असली पाहिजे. याला अपवाद नाही.

जाळी सपाट ठेवली तर पिंपळाची चार पानं किंवा प्लास्टिकची एक पिशवी ती बंद करायला पुरेशी होते. घुमटासारखी उंच जाळी घ्यावी, तिच्या बाजूंनी पाणी जात राहतं. आणि दोन तोंडं असली तरी एक तुंबेल असं धरून कठड्यात एक आपत्कालीन भोक ठेवावं, तोंडाच्या पातळीपेक्षा दोन इंच वर. त्यातून बाहेर पाणी पडताना दिसलं की खालच्या माणसाला कळतं, पाइप तुंबला आहे. हे भोक नसेल तर पाणी कठड्याच्या आत चढत जातं आणि जिन्याच्या दारातून घरात येतं. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तसा पाऊस रोज पडत नाही, पण भोकाला खर्चही पडत नाही.

ढाळ आणि तोंडं झाली की लगेच रंग नाही. आधी परीक्षा. दोन्ही तोंडं बंद करायची, आपत्कालीन भोकही बंद करायचं आणि गच्चीवर उंच भागही झाकला जाईल एवढं पाणी भरायचं. आपल्या गच्चीत मधली रेघ कडेपेक्षा उंच असल्याने एकदम सगळीकडे भरलं तर कडेला उगाच खोल पाणी होतं. म्हणून मातीचे किंवा मसाल्याचे बुटके बांध घालून टप्प्याटप्प्याने भरावं. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो वजन, याहून जास्त भरायची हौस नको. ४८ ते ७२ तास पाणी ठेवून खालून छत, तुळयांच्या कडा आणि बाहेरच्या भिंती पाहायच्या. इथे गळती सापडली तर ती आत्ताच दुरुस्त होते. रंगानंतर सापडली तर रंगासकट सगळं उकरावं लागतं. घाईत असलेला ठेकेदार ही परीक्षा टाळू पाहतो, त्याला आधीच लेखी सांगून ठेवलेलं बरं.

कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात ठेवू नये. तिथे मसाल्याचा गोलसर वाटा मारावा, म्हणजे पाणी कोपऱ्यात शिरत नाही आणि वरचं आवरण काटकोनात ताणून फाटत नाही. टाकीचे पाय, नळाचे पाइप, डिशच्या छत्रीचे बोल्ट या सगळ्यांच्या बुडाशी असंच. हल्ली सौर पॅनेल बसवणारे सरळ स्लॅबमध्ये ड्रिल मारून मोकळे होतात. त्यांना वजनदार काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करायला सांगता येतं, मात्र वाऱ्याला पुरेल एवढं वजन त्यांनी हिशोब करून द्यायला हवं.

आता पांढरा रंग. तो पाणी अडवतो म्हणजे भेगांवर रबरासारखा पातळ पडदा धरतो. पण त्याच्या पांढरेपणाचाही गळतीशी संबंध आहे, आणि तो जाहिरातीत कुणी सांगत नाही. नागपुरात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते तेव्हा करडा कोबा दुपारी साठ अंशांच्या पुढे तापतो. जूनची पहिली सर त्याच्यावर पडली की काही मिनिटांत तो तीस अंशांनी निवतो. काँक्रीट दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या सुमारे एक लाखांश भागाएवढं आक्रसतं. तीस फुटांच्या गच्चीला तीस अंशांचा फरक म्हणजे पावणेतीन मिलिमीटर. एवढी हालचाल मोकळेपणाने व्हायला जागा नसते, कारण चारही बाजूंनी कठडा धरून असतो. मग कठड्याच्या बुडाशी आणि कोब्यावर तडे जातात, आणि ते दर वर्षी थोडे रुंदावतात.

नवा पांढरा रंग उन्हाचा सुमारे ८० टक्के भाग परत पाठवतो. जुनं करडं सिमेंट जेमतेम ३० टक्के. त्यामुळे भर दुपारी गच्चीचा पृष्ठभाग दहा-पंधरा अंशांनी कमी तापतो, स्लॅब कमी फुगतो आणि भेगा कमी उघडतात. म्हणजे पांढरा रंग स्वतः जो पडदा आहे, त्या पडद्याच्या खालची हालचालही तोच कमी करतो. खोलीत फरक दोन ते चार अंशांचा जाणवतो आणि तो फक्त सर्वांत वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, आणि सोसायटीच्या सभेत खर्चाला विरोध बहुधा तिथूनच होतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक गच्चीच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची असते, हे अशा वेळी लक्षात असावं. आपल्या शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये छतं थंड ठेवण्याचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं.

चंदेरी रंगाबद्दल गैरसमज आहे. ॲल्युमिनियमचा चकचकीत रंगही ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता तो बाहेर सोडायला कुरकुर करतो, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. पांढरा रंग परतवतोही आणि सोडतोही. चुना मारणं स्वस्त आणि उन्हापुरतं चांगलं आहे. गोंद मिसळला तर एखादा उन्हाळा टिकतो. पण चुना पाणी अडवत नाही, ते काम त्याच्याकडून मागू नये.

बाजारात मिळणारे बहुतेक पांढरे रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक असतात. वापरायला सोपे, उन्हाला टिकाऊ, भेगेवर ताणले जाणारे. त्यांचा दुबळेपणा एकच, साचलेलं पाणी. दिवसेंदिवस पाण्याखाली राहिलं की ॲक्रिलिकचा पडदा मऊ पडतो, फुगतो आणि तळापासून सुटतो. म्हणूनच सुरुवातीची ढाळाची एवढी कटकट. काही जागी पाणी थांबणं टळतच नसेल, तर तिथे महाग पण पाण्यात टिकणारा पॉलियुरेथेन प्रकार घ्यावा आणि वरून पांढरा थर द्यावा.

किती रंग लागेल हे ठेकेदाराच्या तोंडून न ऐकता स्वतः काढता येतं. एका चौरस मीटरवर एक लिटर रंग पसरला तर ओला थर एक मिलिमीटरचा होतो. रंगात निम्मा भाग घन पदार्थ आणि निम्मा पाणी असेल तर वाळल्यावर तो अर्धा मिलिमीटर उरतो. माझा आग्रह जाळीसह वाळलेल्या एक मिलिमीटरचा असतो, म्हणजे चौरस मीटरला दोन लिटर. आपल्या घराची गच्ची ८४ चौरस मीटर आणि कठड्यावर फूटभर उंचीचा पट्टा धरून आणखी ११, एकूण ९५. म्हणजे १९० लिटर, वीस लिटरच्या साडेनऊ बादल्या. ठेकेदार चारच बादल्या घेऊन आला तर पडदा ०.४ मिलिमीटरचा होणार हे तिथल्या तिथे कळतं. रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत गच्चीवरच ठेवायला सांगा आणि शेवटी मोजा. घन भागाचं प्रमाण उत्पादनाच्या माहितीपत्रकात असतं. ते आकारमानानुसार दिलंय की वजनानुसार, एवढं पाहून घ्यावं, कारण वजनाचा आकडा मोठा दिसतो.

रंग लावण्याआधी गच्ची तारेच्या ब्रशने घासून, शेवाळ काढून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायची. नवा कोबा असेल तर २८ दिवस थांबायचं. मग ओल तपासायची. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवायचं आणि सोळा तास ठेवायचं. खालच्या बाजूला बाष्पाचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला तर आत ओल आहे. अशा ओल्या गच्चीवर रंग मारला तर उन्हाने आतली वाफ वर येते आणि पडद्याला फुगे येतात. मोठ्या भेगा इंग्रजी व्हीच्या आकारात कापून सीलंटने भरायच्या, त्यावर रंगाने भेग झाकायचा प्रयत्न करायचा नाही. मग कंपनीने सांगितलेला प्राइमर, त्यावर पहिला थर, तो ओला असतानाच फायबरग्लासची बारीक जाळी त्यात दाबून बसवायची आणि पुढचे थर आधीच्याला काटकोनात ओढायचे. वाटा, तोंडं आणि पाइपांची बुडं यांच्यावर जाळी आधी, बाकी गच्चीवर नंतर. मेच्या दुपारी हे काम करू नये, तापलेल्या गच्चीवर रंग वरून झटकन सुकतो आणि आत पाणी कोंडतं. फेब्रुवारी-मार्च उत्तम. उन्हाळ्यातच करायचं झालं तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर.

चिनी मातीच्या तुकड्यांची गच्ची, म्हणजे आपली जुनी चायना मोझॅक, स्वतःच पांढरी आणि ऊन परतवणारी असते. ती शाबूत असेल तर तिच्यावर रंग कशाला? सांध्यांतला मसाला झिजला असेल तेवढा पुन्हा भरावा. गुळगुळीत तुकड्यांवर रंग धरतही नाही.

पांढऱ्या गच्चीची काही गैरसोयही आहे. ओली असताना पाय घसरतो. दुपारी डोळ्यांवर चमक येते. धुळीने ती वर्षभरात मळते आणि ऊन परतवण्याची ताकद बरीच कमी होते, म्हणून मार्चमध्ये एकदा साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावी. त्यावर पापड-वाळवणांसाठी खाट ओढली, फटाके उडवले किंवा कुंड्या थेट ठेवल्या की पडदा फाटतो. ॲक्रिलिकचा असा थर चार-पाच वर्षं धरावा आणि मग वरून एक-दोन हात द्यावेत. खालचा ढाळ बरोबर असेल तर हा खर्च पहिल्याच्या निम्म्याहून कमी येतो.

गच्चीवर पत्र्याची शेड घालून सगळा प्रश्न मिटवायचा, असाही एक मार्ग शहरांत रूढ झाला आहे. शेडखाली पाऊस येत नाही हे खरं. पण शेडचे खांब कठड्यात आणि स्लॅबमध्ये ठोकलेले असतात, पत्र्याचं पाणी पुन्हा त्याच गच्चीच्या कडेला पडतं, वादळात पत्रे उडतात आणि महापालिकेची परवानगी हा वेगळाच विषय आहे. गच्ची दुरुस्त होण्यासारखी असताना शेड हा मला आळशी उपाय वाटतो.

या वर्षी दुरुस्ती काढणार असाल तर कोटेशन मागताना चौरस फुटाचा दर सर्वांत शेवटी विचारा. आधी ढाळ किती देणार, तोंडं किती आणि कुठे, पाणी भरून किती तास ठेवणार, वाळलेला थर किती मिलिमीटरचा आणि त्याला किती बादल्या लागणार, एवढ्या गोष्टी त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. यातलं काही लिहून द्यायला नकार देणाऱ्याला काम देऊ नका.